ओव्हरलॅप-सेव्ह: प्रत्येक ब्लॉकचे पहिले नमुने का फेकून देतात?

आवाजावर काम करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा कोड पहिल्यांदा वाचायला घेतला की एका ओळीपाशी हमखास अडखळायला होतं. आधीच्या ओळींत आकडे गोळा केलेले असतात, त्यांच्यावर बऱ्यापैकी मेहनतीची आकडेमोड केलेली असते, आणि या ओळीत उत्तराचा पहिला भाग सरळ टाकून दिलेला असतो. हजारातले दोन-अडीचशे आकडे, आणि तेही प्रत्येक फेरीत. कुणी विचारलं तर बहुतेकदा 'ते खराब असतात' एवढंच उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण ते खराब का होतात, नेमके किती होतात आणि पहिलेच का होतात, हे त्यातून कळत नाही. हे तीन प्रश्न सुटले की ओव्हरलॅप-सेव्ह नावाची ही पद्धत पाठ करावी लागत नाही.

## फिल्टर म्हणजे मागे वळून केलेला हिशेब

संगणकासाठी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. ठरावीक अंतराने मोजलेल्या या प्रत्येक आकड्याला नमुना म्हणतात. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४८,००० नमुने ही रोजची गोष्ट. फिल्टर या रांगेतून दुसरी रांग तयार करतो. इथे आपण ज्या जातीच्या फिल्टरबद्दल बोलतोय, तो प्रत्येक क्षणी आत्ताचा नमुना आणि त्याच्या मागचे काही नमुने घेतो, प्रत्येकाला ठरलेल्या गुणकाने गुणतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. ती बेरीज हाच त्या क्षणाचा निकाल.

उदाहरणासाठी तीन गुणकांचा फिल्टर घेऊ: ३, २, १. आत्ताच्या नमुन्याची तिप्पट, आधीच्याची दुप्पट आणि त्याच्याही आधीचा आहे तसा. रांगेत ४, १, ३ असे नमुने ओळीने आले, तर ३ च्या क्षणी निकाल होतो ९ + २ + ४, म्हणजे १५. या सरकत्या गुणाकार-बेरजेला कन्व्होल्यूशन म्हणतात. गुणकांची संख्या M मानली, तर प्रत्येक निकालाला आत्ताचा एक आणि मागचे M−१ नमुने लागतात. पुढचा सगळा मामला या M−१ भोवती फिरतो.

## मग तुकडे करायचेच कशाला?

तीन गुणक असतील तर काहीच गरज नाही. पण खऱ्या कामात गुणक शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. २५७ गुणकांचा फिल्टर थेट चालवला तर प्रत्येक निकालाला २५७ गुणाकार लागतात, आणि असे निकाल सेकंदाला ४८,०००.

यातून सुटायची एक आडवाट आहे. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ साली मांडलेली एफएफटी ही रीत नमुन्यांच्या गठ्ठ्याचं झटपट वारंवारतांमध्ये रूपांतर करते. तिकडे गेल्यावर कन्व्होल्यूशनची सगळी सरकती बेरीज एका साध्या गुणाकारावर येते: प्रत्येक वारंवारतेला एक गुणाकार, आणि मग उलट एफएफटी करून परत नमुन्यांत यायचं. जाऊन-येऊन खर्च धरला तरी हे स्वस्त पडतं. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, थॉमस स्टॉकहॅम यांनी लांबलचक संकेतांचे तुकडे पाडून हे काम वेगाने कसं करायचं ते दाखवलं.

तुकडे पाडावे लागतात कारण एफएफटीला ठरावीक लांबीचा गठ्ठा हवा असतो, आणि चालू असलेल्या आवाजाला शेवट नसतो. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणू आणि त्याची लांबी N मानू. इथवर सगळं सरळ आहे. घोटाळा पुढे होतो, कारण एफएफटीच्या वाटेने मिळणारं कन्व्होल्यूशन आपल्याला हवं आहे तसं नसतं.

## एफएफटीच्या दृष्टीने ब्लॉक गोल असतो

कागदाची एक पट्टी घ्या, तिच्यावर आठ घरं आखा आणि प्रत्येकात एक नमुना लिहा. तीन घरांएवढी खिडकी या पट्टीवरून सरकवत नेली की आपला फिल्टर चालला. पहिल्या घरापाशी आल्यावर खिडकीला मागची दोन घरं सापडत नाहीत, कारण ती या पट्टीवर नाहीतच.

आता त्याच पट्टीची दोन्ही टोकं चिकटवून कडं करा. पहिल्या घराच्या मागे आता काहीतरी आहे: आठवं घर, आणि त्याच्या मागे सातवं. खिडकी अडत नाही, तक्रार करत नाही, समोर आलेले आकडे घेऊन बेरीज करून टाकते. एफएफटी ब्लॉककडे या कड्यासारखंच पाहते. तिच्या हिशेबात शेवटच्या नमुन्यानंतर पुन्हा पहिला नमुना येतो. म्हणून तिच्या वाटेने मिळणाऱ्या निकालाला वर्तुळाकार कन्व्होल्यूशन म्हणतात.

हा एफएफटीतला दोष नव्हे. ती संकेताची मांडणी ज्या लहरींमध्ये करते, त्या प्रत्येक लहरीचे N नमुन्यांत पूर्ण फेरे बसतात. त्यामुळे ब्लॉक संपला की त्या पुन्हा सुरुवातीच्याच जागी येतात आणि तोच ब्लॉक परत सुरू होतो. गोलपणा तिच्या घडणीतच आहे.

कड्यावर कुठे खोट येते ते आता पाहता येईल. तिसऱ्या घरावर उभ्या असलेल्या खिडकीला तिसरं, दुसरं आणि पहिलं घर लागतं, आणि ही तिन्ही खरोखर एकामागोमाग आलेली आहेत. तिथून आठव्या घरापर्यंत सगळे निकाल बरोबर. दुसऱ्या घराला मात्र एक नमुना चुकीच्या टोकाकडून मिळतो आणि पहिल्या घराला दोन. तीन गुणकांना दोन खराब निकाल, M गुणकांना M−१. ब्लॉक केवढाही मोठा केला तरी हा आकडा हलत नाही. तो फक्त फिल्टरच्या लांबीवर ठरतो.

## हाताने करून पाहू

नमुने असे घेऊ: ४, १, ३, ५, २, ३, १, ६, २, ०, ४, ७. फिल्टर तोच, ३-२-१. थेट हिशेब केला तर निकाल येतात १२, ११, १५, २२, १९, १८, ११, २३, १९, १०, १४, २९. आपल्याला हेच आकडे हवेत.

ब्लॉक आठ घरांचा. दोन निकाल खराब होणार हे ठाऊक आहे, म्हणून दर ब्लॉकमध्ये फक्त सहा नवे नमुने भरायचे आणि पहिल्या दोन घरांत मागचे दोन नमुने ठेवायचे. अगदी पहिल्या ब्लॉकच्या मागे काहीच नाही, म्हणून तिथे दोन शून्यं.

पहिला ब्लॉक: ०, ०, ४, १, ३, ५, २, ३.
गोल हिशेबाचा निकाल: ८, ३, १२, ११, १५, २२, १९, १८.

पहिले दोन आकडे पाहा. त्या घरांत शून्यं होती, त्याआधीही शांतता होती, म्हणजे खरा निकाल तिथे शून्य यायला हवा. आलेत ८ आणि ३. पहिल्या घराने कड्याच्या दुसऱ्या टोकाकडून ३ आणि २ उचलले (३ ची दुप्पट अधिक २), दुसऱ्याने नुसते ३. हे दोन आकडे पुसले की उरलेले सहा वरच्या यादीशी तंतोतंत जुळतात.

दुसऱ्या ब्लॉकच्या सुरुवातीला पहिल्या ब्लॉकचे शेवटचे दोन नमुने, २ आणि ३, पुन्हा ठेवायचे. पद्धतीच्या नावातलं जपून ठेवणं ते हेच, आणि ते निकालाचं नव्हे तर आत येणाऱ्या नमुन्यांचं.

दुसरा ब्लॉक: २, ३, १, ६, २, ०, ४, ७.
निकाल: २४, २०, ११, २३, १९, १०, १४, २९.

२४ आणि २० टाकायचे. त्या जागांचे खरे निकाल १९ आणि १८ होते, आणि ते पहिल्या ब्लॉकच्या शेवटी आपल्या हातात येऊनही गेले. कचऱ्यात जातंय त्याची बरोबर प्रत आधीच पोहोचती झालेली असते, म्हणून टाकल्यावर मध्ये खड्डा पडत नाही. पुन्हा ठेवलेल्या दोन नमुन्यांचं काम निकाल देण्याचं नाहीच. आपल्या पुढच्या घरांना खरे शेजारी मिळवून देणं एवढंच त्यांचं काम, आणि ते करताना त्यांचे स्वतःचे निकाल बिघडतात.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पहिल्या घराची चूक ५ आहे, दुसऱ्याची २. खोट सगळीकडे सारखी नसते. पहिल्या घरात एक सोडून बाकी सगळे गुणाकार चुकीच्या नमुन्यांशी होतात. पुढे सरकत गेलं की चुकीचा वाटा घटतो, आणि शेवटच्या खराब घरात एकच गुणाकार चुकलेला असतो, तोही फिल्टरच्या शेवटच्या गुणकाचा. हे पुढे कामाला येईल.

h म्हणजे गुणक, x म्हणजे नमुने आणि np म्हणजे पायथनची numpy लायब्ररी; कोडमध्ये हे सगळं इतक्या ओळींत मावतं:

```python
M = len(h)
L = N - M + 1
H = np.fft.rfft(h, N)
xp = np.concatenate([np.zeros(M-1), x, np.zeros(N)])
y = []
for s in range(0, len(x) + M - 1, L):
    yb = np.fft.irfft(np.fft.rfft(xp[s:s+N]) * H, N)
    y.extend(yb[M-1:])
y = np.array(y[:len(x) + M - 1])
```

`yb[M-1:]` हीच ती अडखळवणारी ओळ. फेरी दर वेळी `L` ने पुढे सरकते, N ने नाही, आणि त्यातून आपोआप M−१ नमुन्यांचा दुहेरी वापर होतो. शेवटी जोडलेली शून्यं संकेत संपल्यावर फिल्टरचं शेपूट बाहेर काढण्यासाठी आहेत. ती विसरली तर प्रतिध्वनी मध्येच तुटल्यासारखा वाटतो.

## पहिलेच का, शेवटचे का नाहीत?

आपला फिल्टर मागे पाहतो म्हणून. ज्या घरांना मागचा शेजारी मिळत नाही ती घरं ब्लॉकच्या सुरुवातीला असतात. 'पहिले M−१ टाका' हा काही निसर्गनियम नव्हे, मागे पाहणाऱ्या फिल्टरपुरता तो खरा आहे.

एखादा फिल्टर एक घर मागे आणि एक घर पुढे पाहणारा असेल, तर कड्यावर पहिलं आणि आठवं घर बिघडेल. दोनच खराब, पण दोन टोकांना वाटलेले. आकार जुळवण्याच्या कामात, म्हणजे लांब संकेतात एखादा छोटा आकार कुठे दडलाय ते शोधताना, हिशेब पूर्णपणे पुढे पाहणारा असतो. तिथे सुरुवातीचे निकाल अगदी शुद्ध असतात आणि शेवटचे M−१ टाकावे लागतात. अशा कामात फिल्टरचा कोड तसाच उचलून आणला की चांगलं फेकलं जातं आणि खराब ठेवलं जातं, आणि प्रोग्रॅम हू की चू न करता चालत राहतो.

म्हणून पाठ करायचंच असेल तर सूत्रापेक्षा प्रश्न पाठ करावा: कोणत्या घराला खरा शेजारी मिळाला नाही? एकूण खराब घरं नेहमी M−१ च असतात. ती कुठल्या टोकाला आहेत, हे फिल्टर कुठे पाहतो त्यावर ठरतं.

## एवढं फेकायचं म्हणजे नासाडी नाही का?

आहे, पण परवडणारी. २५७ गुणकांचा फिल्टर आणि १,०२४ चा ब्लॉक घेऊ. दर वेळी २५६ निकाल टाकायचे, ७६८ ठेवायचे; पाव माल कचऱ्यात. तरीही साध्या एफएफटीचा ढोबळ हिशेब मांडला तर ठेवलेल्या प्रत्येक निकालाला साधारण १५ संमिश्र गुणाकार पडतात. एक संमिश्र गुणाकार म्हणजे चार साधे, म्हणजे सुमारे ६०. थेट पद्धतीत २५७ होते. नमुने वास्तव संख्या असल्याचा फायदा घेतला तर हा खर्चही जवळपास निम्म्यावर येतो.

मग ब्लॉक मोठा करून नासाडी आणखी कमी का करू नये? २,०४८ चा ब्लॉक घेतला तर आठवा हिस्साच फेकावा लागतो आणि खर्च १४ च्या आसपास उतरतो. पण ४,०९६ ला गेलं की तो किंचित वर सरकू लागतो, कारण ब्लॉक वाढतो तशी एफएफटीही दर नमुन्यामागे महाग होत जाते. याहून मोठी अडचण वेळेची आहे. ७६८ नवे नमुने गोळा व्हायला १६ मिलिसेकंद लागतात; २,०४८ च्या ब्लॉकला १,७९२ नवे हवेत, म्हणजे ३७ मिलिसेकंद. आधीच मुद्रित केलेल्या आवाजाला त्याने काही फरक पडत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात ऐकवायचा असेल तर नक्की पडतो. अशा वेळी मी जास्त नासाडी खुशाल पत्करेन.

इथे एक आक्षेप हटकून येतो: ओव्हरलॅप-ॲड नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात काहीच फेकत नाहीत, मग तीच का नको? त्या पद्धतीत ब्लॉकमध्ये नवे नमुने भरून उरलेल्या M−१ घरांत शून्यं ठेवतात. निकालाचं शेपूट त्या मोकळ्या घरांत सांडतं आणि पुढच्या ब्लॉकच्या निकालात मिळवलं जातं. बाहेर काही फेकलं जात नाही हे खरं, पण आत M−१ घरं रिकामी गेलेलीच असतात. एका एफएफटीमागे नवे नमुने दोन्हीकडे तितकेच. ओव्हरलॅप-सेव्हमध्ये शेवटची मिळवणी वाचते, ओव्हरलॅप-ॲडमध्ये मागचे नमुने सांभाळून ठेवायची कटकट वाचते. निवड बहुतेक वेळा सोयीची असते.

## नको त्या वारंवारता थेट शून्य केल्या तर?

ही पळवाट सगळ्यांना सुचते. एफएफटी केलीच आहे, तर फिल्टरचे गुणक वगैरे कशाला. नको त्या पट्ट्यातले आकडे शून्य करावेत आणि परत यावं. ऐकायला निर्दोष वाटतं.

पण वारंवारतांच्या बाजूला आपण जे काही गुणतो, त्याचा नमुन्यांच्या बाजूला एक फिल्टर असतोच, मग तो आपण लिहिलेला असो वा नसो. १,०२४ आकड्यांवर सरळ कात्री चालवली की तयार होणारा फिल्टर साधारणपणे पूर्ण १,०२४ गुणकांचा असतो. आता नियम लावा: N आणि M दोन्ही १,०२४, म्हणजे खराब निकाल १,०२३ आणि चांगला एक. दर ब्लॉकला एकच विश्वासू आकडा मिळणार असेल तर थेट पद्धत काय वाईट होती?

बरेच जण इथे ब्लॉकच्या सांध्यांवर आवाज हलकेच चढवून-उतरवून टकटक लपवतात. काही कामांना ते चालतंही, पण आत गेलेली चूक त्याने बाहेर येत नाही, पसरून मऊ होते इतकंच. नीट रस्ता असा: हवा तो वारंवारतांचा आराखडा करायचा, उलट एफएफटीने त्याचे गुणक काढायचे, ते २५७ वर छाटायचे, टोकांचे गुणक हळूहळू शून्याकडे नेऊन कडा मऊ करायच्या, मग शून्यं जोडून पुन्हा एफएफटी करायची. छाटण्याआधी एक खबरदारी घ्यावी लागते. असे गुणक शून्य जागेच्या दोन्ही अंगांना पसरलेले असतात आणि गोलपणामुळे त्यांचा अर्धा भाग ब्लॉकच्या शेवटी जाऊन बसलेला असतो. आधी १२८ घरं सरकवून त्यांना सलग करायचं, मगच कात्री. नाही तर अर्धा फिल्टरच छाटला जातो.

## चूक झाली असेल तर कळणार कसं?

खराब निकाल बाहेर गेले तर दर ब्लॉकच्या सुरुवातीला झटका बसतो. वरच्या उदाहरणात सेकंदाला ४८,००० भागिले ७६८, म्हणजे ६२.५ ब्लॉक होतात, आणि झटके इतक्या नियमाने येतात की ते वेगवेगळे न ऐकू येता आवाजाखाली एक खर्जातली गुरगुर लागते. ब्लॉकची लांबी बदलली की गुरगुरीचा सूर बदलत असेल, तर दोषी हमखास इथेच सापडतो.

गंमत अशी की लोक ज्या सोप्या चाचण्या आधी करतात, नेमक्या त्याच ही चूक लपवतात. सगळे नमुने एकसारखे घेतले, समजा सगळे १, तर कड्याच्या चुकीच्या टोकाकडून येणारा आकडाही १ च असतो. पहिल्या ब्लॉकमधली शून्यं सोडली तर पुढच्या कुठल्याही ब्लॉकमध्ये टाकाऊ निकाल सुद्धा बरोबर दिसतात. शुद्ध सूर घेतला तरी धोका आहेच. ४८,००० च्या वेगात १,०२४ च्या ब्लॉकमध्ये ७५० हर्ट्झचा सूर बरोबर १६ फेरे घेतो. ब्लॉकचा शेवट आणि सुरुवात बेमालूम जुळतात, गोल हिशेब आणि सरळ हिशेब एकच होतात, आणि चाचणी हसतमुखाने पास. १,००० हर्ट्झ घेतला तर ब्लॉकमध्ये एकवीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे होतात, आणि सांधा लगेच उघडा पडतो. बेरीज जुळवूनही काही साधत नाही: आपल्या दुसऱ्या ब्लॉकच्या नमुन्यांची बेरीज २५, गुणकांची ६, आणि आठही निकालांची १५०. खराब आकडे धरून हिशेब चोख बसतो, कारण गोल फिरून नमुने जागा बदलतात, हरवत नाहीत.

म्हणून चाचणीला यादृच्छिक आकडे घ्यावेत, निदान तीन-चार ब्लॉक भरतील इतके, आणि `np.convolve(x, h)` च्या निकालातून आपला निकाल वजा करावा. राहिला तर आकड्यांच्या गोलाकरणाचा कण राहायला हवा, एकच्या मागे चौदा-पंधराव्या दशांश स्थळाच्या आसपासचा. फरकाचा आलेख काढला तर चूक कुठली तेही दिसतं. दर ब्लॉकला २५६ चा गुच्छ दिसला तर फेकायचे ते ठेवले गेलेत. दर ब्लॉकला एकच बारीक टोक दिसलं तर एकाने चूक झाली आहे: M−१ ऐवजी M−२ टाकलेत.

ही शेवटची चूक वर्षानुवर्षं कोडमध्ये जगू शकते. शेवटच्या खराब घरात फक्त शेवटचा गुणक चुकलेला असतो हे आपण पाहिलं, आणि कडा मऊ केलेल्या फिल्टरचा शेवटचा गुणक इतका लहान असतो की कानाला काहीच लागत नाही. मग कुणीतरी एक दिवस कडा मऊ न केलेला फिल्टर घालतो आणि आवाज खरखरायला लागल्यावर दोष त्या फिल्टरला देतो.

## फिल्टरच ब्लॉकपेक्षा लांब असेल तेव्हा

मोठ्या सभागृहाचा घुमारा फिल्टर म्हणून लावायचा झाला तर दोन सेकंदांचे गुणक होतात ९६,०००. एकाच ब्लॉकमध्ये हे बसवायचं आणि N दोनाचा घात ठेवायचा तर तो किमान १,३१,०७२ घ्यावा लागतो. त्यातले ९५,९९९ निकाल टाकून ३५,०७३ उरतात, आणि ते भरेपर्यंत पाऊण सेकंदाच्या जवळपास वेळ जातो. थेट कार्यक्रमात हे कुणी ऐकून घेणार नाही.

इथे आवाजाबरोबर फिल्टरचेही तुकडे पाडतात. २५६ गुणकांचा एक, असे बरोबर ३७५ तुकडे. ब्लॉक ५१२ चा: अर्धे नमुने मागचे, अर्धे नवे. दर ब्लॉकची एफएफटी एकदाच करून साठवून ठेवतात. फिल्टरचा पहिला तुकडा ताज्या ब्लॉकशी गुणतात, दुसरा तुकडा त्याच्या आधीच्या ब्लॉकशी, असं करत ३७५ वा तुकडा ३७४ ब्लॉक मागच्याशी. सगळे गुणाकार वारंवारतांच्या बाजूलाच मिळवतात आणि शेवटी एकदाच उलट एफएफटी करून निकालाचा पहिला अर्धा भाग टाकतात. थांबायचं फक्त २५६ नमुन्यांसाठी, म्हणजे ५.३ मिलिसेकंद.

फेकणं शेवटी एकदाच केलं तरी चालतं, कारण प्रत्येक तुकड्याची खोट त्याच पहिल्या घरांत पडते. बेरीज केल्याने ती मागच्या अर्ध्यात शिरत नाही. २५६ गुणकांना खरं तर २५५ च निकाल खराब होतात. इथे टाकतात २५६. एक चांगला निकाल दर ब्लॉकला उगाच बळी जातो, पण ब्लॉकचे दोन सारखे अर्धे होतात आणि कोडमधली निम्मी डोकेदुखी जाते.